एकशेऐंशी पेट्यांचा सत्कार

प्रति,
मा. स्कीमकार साहेब,
विक्री विभाग, मुख्य कार्यालय, मुंबई



गेल्या तिमाहीत आमच्या भागात कपड्याच्या पावडरीची ‘विक्रमी’ विक्री झाली आणि त्याबद्दल आपला सत्कार झाला, असे आपल्याच फील्ड ऑफिसरकडून कळले. शाल, श्रीफळ आणि पडद्यावर वर चढत जाणारा हिरवा बाण. हार्दिक अभिनंदन! त्या बाणाचे टोक ज्यांच्या गोदामाच्या छपराला टेकले, त्यांच्यापैकी मी एक. सत्काराला बोलावणे आले नाही, म्हणून चार शब्द असे उघड्यावर लिहून पाठवतो. कंपनीचे नाव घालत नाही. घालायची गरजही नाही, कारण हे वाचून प्रत्येक कंपनीतल्या एका तरी साहेबाला पत्र आपल्यालाच आहे असे वाटणार.

आधी आमचा पत्ता. कोडोली, तालुका पन्हाळा, जिल्हा कोल्हापूर. शेजारी वारणानगर, पलीकडे वारणा नदी. आमचा टेम्पो पोखले, काखे, मोहरे, सातवे, केखले, जाखले, बहिरेवाडी, पारगाव अशा गावांतून फिरतो. तुमच्या नकाशावर हे सगळे मिळून एक ठिपका आहे आणि त्या ठिपक्याला तुम्ही ‘रूरल पोटेन्शियल’ म्हणता. त्या पोटेन्शियलच्या पोटात तुमच्या स्कीमने नक्की काय गेले, ते आता सांगतो. आकडे तोंडी हिशेब करता यावा म्हणून गोल केले आहेत.

स्कीम नसते तेव्हा आमच्या भागात तुमच्या पावडरीच्या महिन्याला १०० पेट्या जातात. दुकानदाराला पेटी १,००० रुपयांना पडते. माल बनवून इथवर पोचवायचा खर्च जाऊन कंपनीला पेटीमागे ३०० रुपये उरतात असे धरू. खरा आकडा तुमच्या कपाटात आहे, तो घालून हाच हिशेब पुन्हा करा. तुम्ही फर्मान काढले की पाच किंवा जास्त पेट्या घेईल त्याला पेटीमागे १०० रुपये सूट. महिनाअखेरीला १८० पेट्या गेल्या. पडद्यावर तुम्ही लिहिलेत: ८० पेट्या जादा, त्यांवर ३०० प्रमाणे २४,००० रुपये मिळाले, सुटीचा खर्च १८,०००, निव्वळ फायदा ६,०००. टाळ्या. दिवे लागले, सगळे जेवायला गेले.

जेवण झाल्यावर कुणीतरी पुढचे दोन महिने बघायला हवे होते. पुढच्या महिन्यात ५० पेट्या गेल्या, त्याच्या पुढच्यात ८०, आणि मग गाडी पुन्हा शंभरावर आली. म्हणजे तीन महिन्यांत एकूण ३१०. स्कीम नसती तर ३०० जाणारच होत्या. जादा विक्री झाली दहा पेट्यांची आणि तिच्यातून मिळाले ३,००० रुपये. त्या तीन हजारांसाठी तुम्ही १८,००० वाटलेत. पंधरा हजार रुपये घालवून आपण शाल मिळवलीत. शाल उबदार असणार यात शंका नाही.

बाकीच्या सत्तर पेट्या कुठून आल्या? त्या पुढच्या दोन महिन्यांच्याच होत्या. दुकानदाराने त्या आज स्वस्तात उचलल्या आणि उद्या घ्यायच्या बंद केल्या. आणि शंभर पेट्या अशा होत्या, की त्या तो पूर्ण भावात घेणारच होता. त्यांवरही तुम्ही हात जोडून शंभर-शंभर रुपये दिलेत. साहेब, कोडोलीच्या बायकांनी त्या महिन्यात जास्त धुणी धुतली नाहीत. पावडर तुमच्या गोदामातून निघून माझ्या गोदामात आली, तिथून दुकानदाराच्या माळ्यावर चढली. तिने जागा बदलली, एवढेच. त्याला विक्री म्हणायचे असेल तर आमच्या टेम्पोच्या ड्रायव्हरचाही सत्कार व्हायला हवा.

एक साधा हिशेब स्कीम काढण्याआधी पाठकोऱ्या कागदावर करता येतो. पेटीमागे ३०० सुटत होते, १०० सोडले, उरले २००. नेहमीच्या शंभर पेट्यांवर १०,००० रुपये आधीच गेले. ते भरून काढायला प्रत्येकी २०० मिळवून देणाऱ्या ५० पेट्या जादा जायला हव्यात, आणि त्याही खऱ्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरात. थोडक्यात, दहा टक्के सूट दिली तर नुसते बरोबरीत सुटायला विक्री दीडपट व्हावी लागते. दुकानदार साठा करणारच, हे धरले तर आकडा आणखी वर जातो, कारण साठ्यालाही सूट मिळते. कपड्याची पावडर अशी दीडपट खपत नाही. बिस्किट घरात जास्त आले तर पोरे जास्त खातात, पावडर कोण खाणार?

आता तुम्ही म्हणाल, आम्ही तुलना मागच्या महिन्याशी केली आणि वाढ ऐंशी नाही, त्याहून मोठी दिसली. दिसणारच! मागचा महिना कसा गेला ते आमच्या सेल्समनला विचारा. तो दहा तारखेला दुकानात शिरला की मालक वहीतून मान वर न काढता विचारतो, “स्कीम कवा सुटणार हाय?” पोरगा म्हणतो, अजून काही आले नाही. “मग आत्ता दोनच पेट्या टाक. म्हैनाअखेरीला बघू की.” दर तिमाहीच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही घाबरून स्कीम सोडता, हे तुमच्या संचालकांना माहीत नसेल, पण काख्याच्या किराणा दुकानदाराला पाठ आहे. तो आधी हात आखडता घेतो. मग त्या आखडलेल्या महिन्याशी तुलना करून तुम्ही वाढ मोजता. स्कीमच्या आधी खड्डा, स्कीमच्या नंतर खड्डा, मध्ये मुरमाचा ढीग. तुम्ही फक्त ढिगाचा फोटो काढता.

पाच पेट्यांची अट लहान दुकानदाराला मोठे करण्यासाठी होती, असे परिपत्रकात लिहिले होते. वाचून डोळे पाणावले. जाखल्यातल्या लहान दुकानात महिन्याला दीड पेटी खपते, त्याने पाच घ्यायच्या म्हणजे तीन महिन्यांचे पैसे अडकवायचे. तो घेत नाही. घेतो कोण? गावातले मोठे दुकान. ते आपल्या नावावर वीस पेट्यांचे बिल करते आणि त्यातल्या काही पेट्या त्याच लहान दुकानदाराला पन्नास रुपये कमी लावून देते. तुमच्या शंभरातले पन्नास मधल्या मध्ये राहिले, माझे लहान दुकानदाराकडचे बिल गेले, आणि तुमच्या नोंदीत मात्र ‘मोठ्या दुकानांत घसघशीत वाढ’.

याहून मोठी मौज लक्ष्मीपुरीत असते. कोल्हापूरच्या त्या घाऊक पेठेत एखादा व्यापारी शंभर पेट्यांचा स्लॅब गाठतो, त्याला आमच्यापेक्षा जास्त सूट मिळते, आणि तो निम्मी सूट भावात सोडून माल बाहेर काढतो. तो माल वडगावकडून फिरून कोडोलीत येतो, माझ्या भावापेक्षा वीस-तीस रुपयांनी खाली. माझाच दुकानदार मला तीच पेटी दाखवून म्हणतो, “अण्णा, तुमच्यात महाग का?” यावर काय बोलावे? ही पेटी तुमच्या पैशाने स्वस्त झाली आणि तुमच्याच वितरकाचे गिऱ्हाईक तोडते आहे. कोल्हापूरच्या साहेबाचे टार्गेट पुरे झाले, कोडोलीचे पडले. मग कोडोलीचे पडले म्हणून कोडोलीला नवी स्कीम!

भावातल्या या तफावतीवरून महाराष्ट्रात एकदा रीतसर भांडण झाले आहे, ते आठवत असेलच. मोठ्या ऑनलाइन घाऊकवाल्यांना आमच्यापेक्षा स्वस्त माल मिळतो, म्हणून वितरकांच्या अखिल भारतीय संघटनेने डिसेंबर २०२१ मध्ये कंपन्यांना पत्रे लिहिली, आणि जानेवारी २०२२ मध्ये राज्यातल्या वितरकांनी कोलगेटच्या मॅक्सफ्रेशचा पुरवठा थांबवला होता. तेव्हा सगळ्यांचे बोट ऑनलाइनवाल्यांकडे होते. पण एकाच मालाला एकाच आठवड्यात चार भाव करण्याची विद्या त्यांच्या कितीतरी आधीपासून स्लॅबच्या तक्त्यात होती. त्या तक्त्याचे कर्ते आपणच.

आता डिस्प्लेकडे वळू. दुकानात दर्शनी फळी आपल्या मालाने भरायची आणि दुकानदाराला महिन्याला ६०० रुपये द्यायचे, ही आपली दुसरी देणगी. वारणा बझारसारख्या ठिकाणी, जिथे माणूस टोपली घेऊन स्वतः फळीपाशी जातो, तिथे याला अर्थ आहे. डोळ्याला दिसले की हात जातो. पण आमची बहुतेक दुकाने काउंटरची. गिऱ्हाईक बाहेर उभे राहते, पिशवी पुढे करते आणि म्हणते, “धाची पावडर दे.” कुठली, ते दुकानदाराचा हात ठरवतो. हात जवळच्या लडीकडे जातो किंवा जास्त सुटते त्या मालाकडे. त्याच्या पाठीमागच्या फळीवर तुमची रांग किती देखणी लावली आहे, याच्याशी त्या बाईला काही देणेघेणे नाही. तुम्ही तिच्या नजरेचे भाडे भरता आणि सौदा ठरतो दुकानदाराच्या हातात.

बरे, भाडे वसूल होते का? पेटीमागे ३०० सुटतात, म्हणजे ६०० रुपयांसाठी त्या एका दुकानात महिन्याला दोन पेट्या जादा खपायला हव्यात. ज्या दुकानात एकूण दीड पेटी जाते, तिथे साडेतीन जायला हव्यात. हे भागणार नाही हे सांगायला मुंबईहून सल्लागार आणायची गरज नव्हती. महिन्याला दहा-बारा पेट्या जाणारी दुकाने भागात मोजकी आहेत, तेवढ्यांनाच डिस्प्ले दिला असता तर निदान जमण्यासारखे होते. पण तुमच्याकडे ‘भागात साठ डिस्प्ले’ असे टार्गेट होते. साठ झाले. त्यांपैकी काही महिन्यातून एकदाच होतात. फोटोवाला पोरगा यायच्या दिवशी दुकानदार बिस्किटांचे पुडे खाली उतरवतो, तुमची पावडर रचतो, फोटो निघतो, ॲपमध्ये हिरवी खूण उमटते, आणि पोरगा मोहऱ्याच्या वळणावर पोचायच्या आत बिस्किटे परत वर. एक फळी दोन कंपन्यांना भाड्याने दिलेली मी पाहिली आहे. दुकानदाराला दोष देणार नाही, फुकटचे भाडे कोण सोडतो?

मोजायचे कसे, हे विचारायला आपल्याला सवड मिळाली नसेल, म्हणून न विचारता सांगतो. माझे बिल ही विक्री नव्हे, हे एकदा मान्य करा. विक्री दुकानातून बाहेर पडते तेव्हा होते. ती काढायला दहा-बारा दुकाने निवडा, लहान-मोठी मिसळून. स्कीमच्या आधी त्यांचा साठा मोजा: फळीवरचा, माळ्यावरचा, आणि मागच्या खोलीत तांदळाच्या पोत्याआड असतो तोही. स्कीम संपल्यावर दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. आधीचा साठा, त्यात मधली खरेदी मिळवा, उरलेला साठा वजा करा. जे येईल तेवढे गिऱ्हाइकाने नेले. अमेरिकेत आर्थर नील्सन याने १९३० च्या दशकात औषधांच्या आणि किराण्याच्या दुकानांत हीच पद्धत लावली आणि त्यावर मोठी कंपनी उभी केली. तेव्हा संगणक नव्हते. माणसे होती आणि ती माळ्यावर चढत होती.

मोजायला वेळ नसेल तर निदान पुडा उलटा करून बघा. त्यावर उत्पादनाचा महिना छापलेला असतो. स्कीम संपून दहा आठवडे झाले आणि फळीवर अजून स्कीमच्या आधीचीच तारीख दिसते, तर काय झाले ते उघड आहे. माझ्या बिलांतही एक खूण सापडते. स्कीमच्या महिन्यात किती दुकानांनी माल घेतला ते आधी पाहा, आणि दर दुकानाने किती घेतला ते नंतर. दुकाने तेवढीच आणि प्रत्येकाच्या पेट्या दुप्पट, म्हणजे साठा झाला. पूर्वी न घेणारी वीस दुकाने नव्याने आली आणि स्कीम गेल्यावरही त्यातली बारा-पंधरा टिकली, तर खुशाल सत्कार करून घ्या, मी हार घेऊन येतो.

तुलनेसाठी काही गावे स्कीमशिवाय ठेवा. एका गावात अर्धी दुकाने स्कीममध्ये आणि अर्धी बाहेर असले शहाणपण नको, माल रात्रीतून गल्ली ओलांडतो. कोडोली-काख्याला द्या, पारगावच्या बाजूला देऊ नका, आणि त्या काळात दोन्हीकडची बिले मीच करतो आहे ना, एवढे बघा. हे का करायचे तेही सांगतो. आमच्याकडे पैसा नोकरीच्या पगारासारखा एक तारखेला येत नाही. दुधाचे बिल दहा दिवसांनी येते. उसाचे बिल कायद्याने ऊस कारखान्याला दिल्यापासून चौदा दिवसांत यायचे असते, ते येते तेव्हा येते, आणि आले की त्या आठवड्यात साबणापासून साडीपर्यंत सगळ्याचा खप वाढतो. चैत्रात जोतिबाची यात्रा आली की रस्त्याकडेच्या दुकानांचा हिशेबच वेगळा. तुमची स्कीम योगायोगाने उसाच्या बिलाच्या पंधरवड्यात सुटली आणि स्कीम नसलेल्या, तेवढाच खप असलेल्या गावांतही तीनशेच्या तीनशेसात पेट्या गेल्या, तर तुमच्या त्या दहा पेट्यांतल्या सात उसाच्या. उरल्या तीन. तीन पेट्यांसाठी अठरा हजार! इतक्या पैशात ती पावडर घरोघरी फुकट वाटता आली असती आणि लोकांनी तुमचे नाव तरी घेतले असते.

मग स्कीम बंदच करा म्हणता का, असे आपण डोळे वटारून विचाराल. नाही. प्रॉक्टर अँड गॅम्बलने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत तसे करून पाहिले. व्यापाऱ्यांच्या सवलती कापल्या, रोजचा भाव उतरवला, जाहिरात वाढवली. कंपनीचा बाजारातला वाटा बराच घसरला. मी तर पन्हाळा तालुक्यातला वितरक, मला एवढी हिंमत नाही. शेजारच्या कंपनीने ‘बारावर एक’ सोडले आणि तुम्ही हात बांधून बसलात तर दुकानदार मला दारातूनच वाटेला लावेल. (जाता जाता: बारावर एक म्हणजे तेरातला एक, सूट पावणेआठ टक्क्यांच्या आसपास. परिपत्रकात ‘सव्वाआठ टक्क्यांहून जास्त’ छापणाऱ्या साहेबांनी बाराने भागले होते.)

पण सूट कशावर द्यायची हे तर ठरवता येते. ज्या दुकानाचा सहा महिन्यांचा सरासरी खप चार पेट्या आहे, त्याला पाचव्या पेटीपासून सूट द्या, पहिल्या चारांवर कशाला? त्या चारांवरचे पैसे तेवढे वाचतील. यातही खोट आहे: या वेळी जास्त घेणाऱ्याची सरासरी पुढच्या वेळी चढते आणि हुशार दुकानदार मुद्दाम कमी घेऊन ती खाली ठेवतो. म्हणून सरासरी वर्षातून एकदाच ठरवा. जिथे संगणकावर बिल होते, तिथे सूट खरेदीवर न देता गिऱ्हाइकाला झालेल्या विक्रीवर द्या, म्हणजे साठा करून हाती काही लागणार नाही. साध्या किराण्यात ते जमत नाही, तिथे सूट लहान ठेवा आणि तारीख बदलती ठेवा. महिनाअखेरीचा मुहूर्त मोडला तरी अर्धे दुखणे जाईल. तो मुहूर्त दुकानदाराच्या सोयीचा नाही, आपल्या इन्सेंटिव्हच्या सोयीचा आहे, एवढे आम्हाला कळते.

राहिले आमचे. दुकानदाराला सूट मी आधी माझ्या खिशातून देतो आणि क्लेम लावून तुमच्याकडून मागतो. ते अठरा हजार तुमच्या वहीत ‘स्कीम खर्च’ म्हणून त्याच महिन्यात चढले, सत्कारही झाला, पण माझ्या खात्यात आले नाहीत. आधी म्हणालात तीन दुकानांच्या पावत्यांवर शिक्के नाहीत. शिक्के पाठवले. मग म्हणालात जीएसटीचा खुलासा हवा. बिलानंतर दिलेली सूट मालाच्या आधी किंवा त्याच वेळी ठरलेली असेल आणि बिलाशी जोडता येत असेल तरच ती त्या वेळच्या नियमाप्रमाणे करपात्र किमतीतून वजा होत असे, हे आमच्या सीएने मला एका वाक्यात समजावले. आपले परिपत्रक महिन्याच्या २६ तारखेला आले आणि त्यावर ‘१ तारखेपासून लागू’ असे लिहिलेले होते. खुलासा कुणी द्यायचा, तुम्हीच सांगा.

आणि टार्गेट गाठणाऱ्या वितरकाला बँकॉकची सहल, हे जे आपण मीटिंगमध्ये जाहीर केलेत, त्याबद्दल आभार. अशा भेटीची किंमत वर्षाला वीस हजारांवर गेली की १ जुलै २०२२ पासून दहा टक्के टीडीएस लागतो. ती रक्कम आमच्याच क्लेममधून कापून घेणार, असे आपला ऑफिसर हळूच सांगून गेला. माझी सहल रद्द समजा. त्या पैशात पंधरवड्यासाठी एक पोरगा ठेवा, त्याला वही-पेन्सिल द्या आणि दुकानांच्या माळ्यावर चढवा. शिडी मी देतो.

पुढच्या स्कीमचे परिपत्रक काढायच्या आधी पारगावची बाजू मोकळी ठेवणार की नाही, ते कळवावे. क्लेमच्या पावत्या तिसऱ्यांदा सोबत जोडल्या आहेत.

आपला,
कोडोलीचा एक वितरक

ता. क. माझ्या गोदामात आपल्या पावडरीच्या चाळीस पेट्या अजून पडून आहेत. जुन्या एमआरपीच्या. नवीन एमआरपीचा माल आपण सोमवारी न मागता पाठवलात, तो उतरवून घेतलेला नाही. गाडी परत निघाली आहे.